अंजिराची शपथ कशासाठी? कुरआनातल्या शपथा आणि दाखले

प्रश्न: कुराणाचं मराठी भाषांतर वाचतोय, मी मुस्लिम नाही, फक्त उत्सुकता म्हणून. शेवटच्या छोट्या छोट्या अध्यायांत सारखं "अंजिराची शपथ", "धावणाऱ्या घोड्यांची शपथ", "सकाळची शपथ" असं येतं. देवाला शपथ घ्यायची गरज काय? आणि घ्यायचीच तर अंजिराची? शिवाय मधेच डास, कोळी असले दाखले येतात. हे नुसतं काव्य समजायचं का? जुन्या टीकाकारांनी यावर काही लिहिलंय का?

उत्तर:

लिहिलंय, आणि भरपूर लिहिलंय. मी वीसेक वर्षं अरबी आणि तफसीर (म्हणजे कुरआनावरची टीका) शिकवतोय, आणि दरवर्षी नव्या बॅचमधे कोणीतरी हाच प्रश्न विचारतं, बहुतेक वेळा दबक्या आवाजात, कारण विचारावं की नाही असं वाटत असतं. बिनधास्त विचारा. पंधराव्या शतकात कैरोत सुयूतींनी कुरआन-विद्येवरचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात दाखल्यांवर एक प्रकरण आहे आणि लगेच पुढचं शपथांवर, आणि त्या शपथांच्या प्रकरणात तुमचाच प्रश्न तुमच्यापेक्षा कडक शब्दांत मांडलाय: श्रद्धावान माणूस नुसतं सांगितलं तरी विश्वास ठेवतो, त्याला शपथ कशाला, आणि न मानणाऱ्याला शपथेचा उपयोग नाही, मग ही शपथ नक्की कोणासाठी?

उत्तराकडे जाण्याआधी आपल्या "शपथ" या शब्दाचं बघू, कारण गोंधळ बराचसा तिथे होतो. आपण म्हणतो आईशप्पथ, गळ्याशप्पथ, पूर्वी लोक बेलभंडारा उचलून शब्द द्यायचे. या सगळ्यामागचं लॉजिक एकच, जे प्रिय किंवा पवित्र आहे ते मधे ठेवायचं, मी खोटं बोललो तर त्याचं वाईट होऊ दे किंवा ते मला बघून घेऊ दे. हे डोक्यात ठेवून वाचलं की "अंजिराची शपथ" हास्यास्पद वाटणारच, अंजिराचं काय वाईट होणार आणि देवाला त्याची काय भीती! आणि गंमत म्हणजे इस्लामी कायद्यातही माणसाची शपथ याच अर्थाने चालते. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे की ज्याला शपथ घ्यायची त्याने अल्लाहची घ्यावी नाहीतर गप्प बसावं. म्हणजे माणसाला अंजिराची शपथ घ्यायला बंदी, आणि ग्रंथात मात्र ती आहे. टीकाकारांना हे खुपणं साहजिक होतं.

त्यांनी दिलेली पहिली उत्तरं तशी साधी आहेत. एक म्हणजे ग्रंथ अरबांच्या भाषेत आला आणि अरबांची सवय होती की गोष्ट ठासून सांगायची तर शपथ घालून सांगायची. दुसरं, "अंजिराची" म्हणजे "अंजिराच्या निर्मात्याची", मधला शब्द गाळलाय. तिसरं हसन बसरींचं, की देव आपल्या निर्मितीतल्या कशाचीही शपथ घेऊ शकतो, माणसाने मात्र फक्त देवाचीच घ्यावी. चौथं मला स्वतःला आवडतं, कुशैरी नावाच्या सूफी विद्वानांचं: कोर्टात वाद दोनच गोष्टींनी मिटतो, साक्षीने किंवा शपथेने, म्हणून कुरआनात दोन्ही आहेत, म्हणजे कोणाला सबब उरू नये. ही उत्तरं चुकीची नाहीत. पण यातल्या एकाही उत्तराने हे कळत नाही की इथे अंजीरच का आणि तिथे घोडेच का. मधला शब्द गाळलाय म्हटलं तर मग सगळीकडे सरळ "निर्मात्याची शपथ" का नाही म्हटलं?

हा पुढचा प्रश्न नीट सोडवला तो फखरुद्दीन राझींनी (मृत्यू 1210), एका ओळीत, 51व्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, सुरुवातीला, जिथे वाऱ्यांची शपथ येते. त्यांचं म्हणणं असं की देवाने घेतलेल्या या सगळ्या शपथा म्हणजे पुरावे आहेत, फक्त ते शपथेच्या रूपात बाहेर आलेत. उदाहरण पण अगदी घरगुती देतात. एखादा माणूस आपल्यावर उपकार करणाऱ्याला म्हणतो, "तुमच्या एवढ्या उपकारांची शपथ, मी कायम तुमचा ऋणी राहीन." इथे उपकारांची शपथ का घेतली? कारण उपकार हेच ऋणी राहण्याचं कारण आहे. ज्याची शपथ घेतली त्याच्यातच पुढच्या वाक्याचा पुरावा आहे. हे एकदा लक्षात आलं की चित्र बदलतं. शपथेतली वस्तू पवित्र आहे म्हणून तिथे नाहीये, ती साक्षीदार म्हणून उभी केलीय. पुढे चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्नुल कय्यिमनी कुरआनातल्या शपथांवर वेगळं पुस्तकच लिहिलं, आणि आपल्याकडे आझमगढच्या हमीदुद्दीन फराहींनी (मृत्यू 1930) हा धागा शेवटपर्यंत ओढला. फराहींचं म्हणणं, शपथेचा मूळ अर्थच साक्ष असा आहे, पावित्र्य ही नंतर चिकटलेली गोष्ट, आणि त्यासाठी ते जुन्या अरबी कवितेतले दाखले देतात.

मी क्लासमधे यासाठी दोनच शब्द वापरतो, "साक्षी" आणि "दावा". अरबीत ज्याची शपथ ती वस्तू आणि ज्यासाठी शपथ ते वाक्य, दोन्हीला वेगळी नावं आहेत, पण तुम्हाला ती पाठ करायची गरज नाही. काम एवढंच, आधी दावा शोधायचा (तो शपथांच्या रांगेनंतर येतो, कधीकधी चार-पाच शपथा झाल्यावर), आणि मग विचारायचं की या साक्षीने असं काय पाहिलंय की तिला या दाव्यासाठी बोलावलं?

एक केस पूर्ण करून दाखवतो. 93वी सूरा, अद-दुहा. "चढत्या सकाळची शपथ. आणि रात्रीची, जेव्हा ती शांत होते. तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही आणि तो नाराजही झालेला नाही." रब म्हणजे पालनकर्ता देव. दावा तिसऱ्या ओळीत आहे. हा दावा करायची वेळ का आली? पैगंबरांकडे वही (दैवी संदेश) येणं काही काळ थांबलं होतं, कोणी म्हणतं बारा दिवस, कोणी पंधरा, कोणी चाळीस. बुखारींच्या हदीस-संग्रहात आहे की पैगंबर आजारी होते, दोन-तीन रात्री नमाजला उठले नाहीत, तर एक बाई येऊन म्हणाली की तुझा सैतान तुला सोडून गेलेला दिसतो. म्हणजे टोमणा "सोडून गेला" हा आहे, आणि उत्तर आहे "सोडलेलं नाही".

आता साक्षीकडे या. सकाळ आणि रात्र. इब्नुल कय्यिम इथे थांबून म्हणतात की शपथ आणि दावा एकमेकांशी कसे जुळलेत बघा, रात्रीच्या अंधारानंतर येणारा दिवसाचा उजेड, आणि वही थांबल्यानंतर परत आलेला तिचा उजेड. विसाव्या शतकात इजिप्तच्या आयशा अब्दुर्रहमान (बिन्तुश-शाती या नावाने लिहायच्या) यांनी हेच आणखी काटेकोर केलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की इथे डोळ्याला दिसणारी गोष्ट पुढे करून न दिसणारी समजावलीय. दिवस गेला आणि रात्र झाली तर कोणी म्हणतं का की आकाशाने जमिनीला टाकून दिलं? नाही म्हणत. मग वहीच्या उजेडानंतर मधे थोडी शांतता आली तर ते टाकून देणं कसं झालं?

आणि त्या दुसऱ्या ओळीतला शब्द बघा. रात्रीसाठी "सजा" हे क्रियापद आलंय, शांत होणं, स्थिरावणं. "अंधार दाटला" किंवा "रात्रीने झाकलं" असं इतर सूरांमधे येतं, इथे मुद्दाम शांत रात्र आहे, भीतीची नाही. दावा सांत्वनाचा आहे म्हणून साक्षीची रात्र पण विसाव्याची. साक्षी-दाव्याचा संबंध खरा आहे की आपणच चिकटवलाय हे ओळखायला अशा बारीक खुणा फार उपयोगी पडतात. संबंध खरा असेल तर तो नुसत्या नामातून दिसत नाही, विशेषण-क्रियापदांतूनही दिसतो.

(राझी याच जागी आणखीही बरंच देतात. सकाळ म्हणजे पैगंबरांचा चेहरा आणि रात्र म्हणजे त्यांचे केस असा अर्थ कोणी प्रवचनकार लावतात का, असा प्रश्न स्वतःच घालून म्हणतात हो लावतात, आणि त्यात अशक्य काही नाही. नातमधे, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगीतांत, आणि कव्वालीत वज़्ज़ुहा चेहरा आणि वल्लैल ज़ुल्फ हे तुम्ही ऐकलं असेल, ते या बाजूचं. ऐकायला सुंदर आहे पण दाव्याशी त्याचा संबंध लागत नाही, म्हणून मी ते टीका म्हणून शिकवत नाही, काव्य म्हणून सांगतो.)

हे सगळीकडे इतकं सरळ बसतं का? नाही, आणि हे मला मान्य करायलाच हवं. 100वी सूरा घ्या, तुमचे घोडे. धापा टाकत धावणारे, टापांनी ठिणग्या उडवणारे, पहाटे हल्ला करणारे, धूळ उडवत गर्दीच्या मधोमध घुसणारे, त्यांची शपथ. आणि दावा: माणूस आपल्या रबशी फार कृतघ्न आहे. इथे पहिला वाद साक्षी कोण यावरच आहे. जुने टीकाकार तबरींनी (मृत्यू 923) दिलेली हकीकत अशी की पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास काबाजवळ बसले होते, कोणीतरी विचारलं, ते म्हणाले हे लढाईतले घोडे. तो माणूस उठून हजरत अलींकडे गेला, ते झमझमच्या विहिरीपाशी होते. अली म्हणाले, अरे इस्लामची पहिली लढाई बद्रची, तिथे आमच्याकडे दोनच घोडे होते, एक झुबैरचा एक मिकदादचा, हे कुठले एवढे घोडे? हे हजमधले उंट, अरफातहून मुझदलिफाला जाणारे. तबरी दोन्ही बाजू मांडतात आणि शेवटी घोड्यांच्या बाजूने जातात, कारण ओळीतला "धापा टाकणं" हा शब्द अरब लोक घोड्यासाठी वापरतात, उंटासाठी नाही. बघा, अलींसारख्या मोठ्या माणसाचं मत समोर असूनही निकाल एका शब्दाच्या वापरावर.

घोडे मानले तरी कृतघ्नतेशी संबंध काय? फराहींच्या परंपरेतलं उत्तर असं, घोडा मालकाने दिलेल्या चाऱ्याला जागून बाणांच्या वर्षावात घुसतो, आणि माणूस ज्याने सगळं दिलं त्याला विसरतो. घोडा इथे माणसाच्या विरुद्ध साक्ष देतोय. मौदूदी (यांचा जन्म औरंगाबादचा, 1903) वेगळं सांगतात, की अरबस्तानात पहाटेच्या धाडी, लूट, रक्तपात हे जे रोज चालायचं तेच दृश्य पुरावा म्हणून ठेवलंय, देवाने दिलेलं बळ माणूस कशासाठी वापरतो बघा. मला दुसरं जास्त पटतं कारण दोनच ओळींनंतर सूरा म्हणते की माणूस धनाच्या प्रेमात फार घट्ट अडकलाय, आणि धाडी तर धनासाठीच पडायच्या. पण हा माझा कल झाला. स्वामिनिष्ठ घोड्याचं चित्र इतकं आकर्षक आहे की लोक ते मूळ मजकुरातच आहे असं समजून सांगतात, ते तिथे लिहिलेलं नाही. दुहामधे संबंध जवळजवळ हातात देतो ग्रंथ, इथे वाचणाऱ्याला जोडावा लागतो, आणि जोडताना माणसं वेगवेगळी जोडणार.

आता डास आणि कोळी. तुम्ही दोन्ही एकाच प्रश्नात विचारलंत ते बरं झालं, कारण काम एकच आहे, दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणारी दाखवायची. फरक एवढा की दाखल्यात दोन्ही बाजू उघड असतात, "अमक्याचं उदाहरण तमक्यासारखं" असं "सारखं" म्हणून जोडलेलं असतं. महानुभावांच्या ग्रंथांत दृष्टान्त आणि त्यानंतर त्याचा दार्ष्टान्तिक येतो तसं काहीसं. शपथेत तो "सारखं" गायब असतो, साक्षी उभी करून ग्रंथ थेट दाव्यावर उडी मारतो. म्हणून दाखला पटकन कळतो आणि शपथ अडते.

डासाबद्दलचा आक्षेप कुरआनातच नोंदलाय. दुसऱ्या सूरेत ओळ आहे की डासाचा किंवा त्याच्या वरच्या कशाचा दाखला द्यायला अल्लाहला संकोच वाटत नाही. टीकाकार सांगतात की माशी आणि कोळ्याचे दाखले ऐकून विरोधक म्हणाले होते, असल्या क्षुद्र गोष्टी देवाच्या तोंडी शोभतात का. टीकाकार जमख्शरींचं (मृत्यू 1144) उत्तर मी अजून कोणाकडे याहून चांगलं वाचलेलं नाही. दाखला कशासाठी असतो? अर्थावरचा पडदा काढण्यासाठी. मग त्याचा आकार कोणाच्या मापाने ठरणार, बोलणाऱ्याच्या की ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्याच्या? ज्याच्याबद्दल, उघड आहे. दाखवायची गोष्ट मोठी तर दाखला मोठा, दाखवायची गोष्ट कस्पटासमान तर दाखलाही तसाच हवा, मूर्तीची असहायता दाखवायला सिंहाचा दाखला दिला तर तो दाखला फसला. आणि वर आठवण करून देतात की इंजीलमधेही, म्हणजे येशूच्या शुभवर्तमानात, मोहरीचा दाणा आणि कोंडा असले दाखले आहेतच. ("त्याच्या वरच्या" म्हणजे डासाहून मोठं की क्षुद्रपणात डासाच्याही वर, म्हणजे आणखी छोटं, यावर पण दोन मतं आहेत.)

कोळ्याचा दाखला 29व्या सूरेत आहे: ज्यांनी अल्लाहखेरीज दुसरे पाठीराखे धरले त्यांचं उदाहरण कोळ्यासारखं, त्याने घर बांधलं, आणि सगळ्या घरांत कच्चं घर कोळ्याचं. इथे लोकांची हमखास होणारी चूक सांगतो. वाचणारा झटकन समजतो की देवांना कोळी म्हटलंय. तसं नाही. कोळी म्हणजे भक्त, आणि देव म्हणजे त्याचं जाळं. आणि तुलना कोणत्या मुद्द्यावर आहे? घर म्हणून. जुने टीकाकार स्पष्ट लिहितात, ते घर ऊन अडवत नाही, थंडी नाही, पाऊस नाही, म्हणजे ज्यासाठी घर बांधतात तेच त्याला जमत नाही. हल्ली व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की कोळ्याचा धागा पोलादाला भारी असतो मग कुरआन कच्चं कसं म्हणतो, आणि त्याला उत्तर म्हणून दुसरा फॉरवर्ड, की क्रियापद स्त्रीलिंगी आहे म्हणजे जाळं मादी विणते हा चमत्कार. दोन्ही सोडून द्या. धाग्याबद्दल ओळीत एक शब्द नाही, घराबद्दल आहे. आणि अरबीत कोळी हा शब्द बहुतेक वेळा स्त्रीलिंगीच चालतो, आपण "मुंगी" म्हणतो तेव्हा नर-मादी तपासून म्हणत नाही तसंच. दाखल्याला एक मुद्दा असतो, त्यापलीकडे ओढला की तो फाटतो.

आता तुमचं अंजीर, ते मुद्दाम शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात अवघड. 95वी सूरा: अंजीर, ऑलिव्ह, सिनाई पर्वत आणि हे सुरक्षित शहर, म्हणजे मक्का. दावा: आम्ही माणसाला उत्तम घडणीत घडवलं, मग त्याला खालच्यातला खालचा केलं, श्रद्धा ठेवून चांगलं वागणारे सोडून. इब्न अब्बास, हसन बसरी, मुजाहिद यांच्या नावावर सरळ अर्थ आहे, तुम्ही खाता ते अंजीर आणि तुम्ही तेल काढता ते ऑलिव्ह. राझी इथे अंजिराचे गुण लांबलचक देतात, पचायला हलकं, पोट साफ करतं वगैरे. पण आपली कसोटी लावा. पोट साफ करणारं फळ "माणूस खाली घसरला" या दाव्याला काय साक्ष देणार?

दुसऱ्या बाजूला पहिल्या पिढ्यांतच काहींनी म्हटलंय की ही ठिकाणं आहेत, अंजीर म्हणजे दमास्कसकडचं आणि ऑलिव्ह म्हणजे जेरुसलेमचं. रांगेतले पुढचे दोन साक्षीदार तर निर्विवाद ठिकाणंच आहेत, पर्वत आणि शहर, मग पहिले दोन फळं आणि पुढचे दोन जागा अशी मोडकी रांग कशाला. चौदाव्या शतकातले इब्न कसीर काही इमामांचं मत देतात की ही तीन मोठ्या पैगंबरांची ठिकाणं, अंजीर-ऑलिव्हचा प्रदेश म्हणजे जेरुसलेमकडचा भाग, ईसांचा म्हणजे येशूचा, सिनाई मूसांचा म्हणजे मोझेसचा, मक्का मुहम्मदांचं. आणि ते चक्क तौरातमधली, म्हणजे मूसांच्या ग्रंथातली, ओळ शेजारी ठेवतात, देव सिनाईहून आला, सेईरवरून उजाडला, पारानवरून प्रकटला. तीन जागा तिथेही, फक्त क्रम वेगळा.

असं वाचलं तर साक्ष बसते: या जागांनी पाहिलंय की माणसाला वर उचलणारे इथे आले, त्यांचं ऐकून काही वर गेले आणि बाकीचे खाली घसरले. फक्त लक्षात ठेवा, अंजिराचा जागा म्हणून अर्थ ऑलिव्हइतका पक्का नाही. ऑलिव्हसाठी जेरुसलेमचा जैतूनचा डोंगर सगळ्यांच्या ओळखीचा आहे, अंजिराच्या जागेवर मात्र टीकाकारांची एकवाक्यता नाही, फराही तर ती जूदी डोंगराकडे, नूहांच्या म्हणजे नोहाच्या गोष्टीकडे नेतात. तुमच्या मराठी भाषांतरात नुसतं "अंजीर" छापलंय ते म्हणूनच ठीक आहे, अनुवादकाने तिथे जागेचं नाव घातलं असतं तर त्याने एक बाजू घेतली असती.